सोयाबीनमधला सावा मरेना : दवाई खोटी, की सावाच पक्का झाला?

मृणाल_इंदूर (२४ ऑगस्ट)
नमस्कार मंडळी. सासऱ्यांची सांवेरजवळ पाच एकर काळी जमीन आहे. ते आता शेतावर जाऊ शकत नाहीत, त्यामुळे मागची दोन वर्षं मीच इंदूरहून ये-जा करून बघते. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू. तणासाठी दरवर्षी इमॅझेथापायर. सासऱ्यांच्या वहीत बघितलं तर मागच्या आठ वर्षांत एकही खरीप त्याच्याशिवाय गेलेला नाही. आधी म्हणे "एक फवारा आणि रान साफ" असं असायचं. यंदा मात्र सावा सोयाबीनच्या वर डोकं काढून उभा आहे, लोंब्याही आल्या. दुकानदार म्हणतो दवाई अस्सल आहे, तुमचं मारणं चुकलं. फवारणी करणारा मुलगा म्हणतो दवाईच पाणी आहे. दोघांपैकी खरं कोण, आणि आता ६१ दिवसांच्या पिकात काय करता येईल?

देवासकर
ताई, सरळ आहे. दवाईची सवय लागली सावाला. माणसाला नाही का रोज घेतली की चढत नाही? डोस दुप्पट करायचा, मरतो. आणि आता बाया लावून उपटून घ्या, उतारा भरून येईल.

बडोद्याची_सुमा
माझ्याही गच्चीवरच्या कुंड्यांत लव्हाळा आहे, कितीही उपटा परत येतो. मीठ टाकलं तर जाईल का?

कोळपे
सुमाताई, मिठाने कुंडी जाईल, लव्हाळा राहील. माती चाळून गाठी वेचा. बाकी ते वेगळ्या धाग्याचं आहे.

मृणाल, नोकरीतली बरीच वर्षं मी याच पिकात काढली आहेत, म्हणून आधी काही विचारतो. पेरणी कोणत्या तारखेची? फवारणी कोणत्या तारखेला, आणि तेव्हा सावा केवढा होता? एकराला किती पंप आणि पंपात किती औषध? आणि सावा सगळीकडे सारखा उभा आहे की ठिगळाठिगळांनी? बिघ्यात नको, एकरातच सांगा, इकडे बिघा गावागणिक बदलतो.

मृणाल_इंदूर
काका, वही समोर घेऊनच लिहिते. पेरणी २४ जूनची, वाण जेएस ९५-६०. ३ जुलैपासून जो पाऊस लागला तो २५ पर्यंत, तण काढायचा डोरा घालायला वापसाच मिळाला नाही. मध्ये १३ जुलैला एक दिवस उघडीप होती, तेव्हा विहिरीजवळचा एक एकर मारून घेतला. उरलेले चार एकर २८ जुलैला. तोवर सावा वीतभर झाला होता, बुडातून फुटवेही निघाले होते. पंप १५ लिटरचा, पंपाला ३० मिली, एकराला सात पंप.

कोळपे
आता जरा हिशोब करू. इमॅझेथापायर १० टक्के हेक्टरी १ लिटर सांगितलंय, म्हणजे एकरी ४०० मिली. तुमचे सात पंप गुणिले ३० मिली, २१० मिली. निम्म्याला थोडंच वर. पंपाला ३० मिली हे माप चूक नाही, पण ते एकराला २०० लिटर पाणी, म्हणजे तेरा-चौदा पंप धरून काढलेलं आहे. माणूस भरभर चालला, सात पंपांत रान उरकलं, की पंपातलं माप बरोबर आणि रानातलं अर्धं. ही चूक मी इतक्या शेतांवर पाहिली आहे की आता आधी पंपच मोजतो.

दुसरं, तारखा. १३ जुलै म्हणजे १९ वा दिवस, तो एकर वेळेत झाला. २८ जुलै म्हणजे ३४ वा दिवस. हे औषध दोन-चार पानांच्या सावासाठी आहे. फुटवे फुटलेला सावा पिवळा पडतो, थबकतो आणि बुडातून परत चालू होतो. तेव्हा त्या चार एकरांवरून सावा पक्का झाला की नाही, काहीच म्हणता येत नाही. अर्धा डोस आणि म्हातारं तण, एवढ्यावर नवं कोरं औषधही हरलं असतं.

म्हणून मला त्या विहिरीजवळच्या एकराचं ऐकायचंय. तिथे काय दिसतं?

देवासकर
काका, मी तर चाळिसाव्या दिवशीसुद्धा मारलंय, पीक चांगलं आलं. इतकं पुस्तकी काय धरायचं?

कोळपे
देवासकर, त्या वर्षी तुमच्या रानात तण पातळ असेल किंवा तुम्ही आधी एकदा डोरा घातला असेल. आठवून सांगा.

देवासकर
डोरा घातला होता खरा. विसाव्या-बाविसाव्या दिवशी.

कोळपे
मग पीक डोऱ्याने वाचवलं, नाव दवाईचं झालं.

हा वीस दिवसांचा आकडा कुठून येतो तेही सांगतो, कारण लोक तो पंचांगासारखा पाठ करतात. प्रयोगात वाफ्यांचे दोन गट करतात. एका गटात तण पहिल्यापासून वाढू द्यायचं आणि कुठे १५ व्या, कुठे ३० व्या, कुठे ४५ व्या दिवशी काढून पुढे रान स्वच्छ ठेवायचं. दुसऱ्या गटात उलटं : इतके दिवस स्वच्छ, मग काय उगवेल ते उगवू द्या. पहिल्या गटात दिसतं की सुरुवातीचे पंधरा-वीस दिवस तण राहिलं तरी नुकसान फारसं नाही, कारण ते अजून बोटभरच असतं. दुसऱ्यात दिसतं की ४५ दिवसांनंतर उगवलेलं तण पिकाचं काही वाकडं करत नाही, कारण ओळी मिटलेल्या असतात आणि खाली ऊन पोचत नाही. या दोन्हींच्या मधले दिवस पिकाचे स्वतःचे. सोयाबीनला ते साधारण २० ते ४५. त्या दिवसांत फांद्या फुटतात, मुळांवर गाठी कामाला लागतात, फुलं येतात. तेव्हा खाल्लेला नत्र आणि अडवलेलं ऊन तण नंतर परत देत नाही.

हा आकडा दगडावरची रेघ नाही. ओळी ४५ सेंमीवरून ३० वर आणल्या तर त्या लवकर मिटतात आणि दुसरं टोक अलीकडे सरकतं. पेरणीबरोबर सावाचा पहिला लोंढा उगवला तर पहिलं टोक अलीकडे येतं. आणि जेएस ९५-६० हे नव्वद दिवसांच्या आत निघणारं वाण, त्याला चूक सावरायला पुढे दिवसच उरत नाहीत.

म्हणून मृणाल, आता ६१ व्या दिवशी मजूर लावून सावा काढलात तर यंदाचा उतारा भरून येणार नाही. बायांच्या पायाखाली शेंगा मात्र तुटतील. तरीही लोंब्या कापायच्याच, पण त्या वेगळ्या कारणासाठी. ते पुढे.

लष्करवाला
ग्वाल्हेरहून. आमच्याकडे गव्हात हाच तमाशा झालाय, त्यामुळे वाचून पोटात गोळा आला. गुल्ली डंडा, ज्याला इकडे गेहूं का मामा म्हणतात. लोंबी येईपर्यंत गव्हापासून ओळखता येत नाही. हरियाणात भात-गहू, भात-गहू आणि दर वर्षी आयसोप्रोट्युरॉन, असं दहा-पंधरा वर्षं चाललं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला औषध चालेनासं झालं, काहींनी उभा गहू चाऱ्याला कापला. मग दशकाच्या शेवटी क्लोडिनाफॉप, सल्फोसल्फ्युरॉन वगैरे आली, सगळ्यांना हायसं वाटलं. आता त्यांनाही न जुमानणारा मामा आहे. माझ्या शेतात क्लोडिनाफॉप मारून मामा हिरवागार उभा आहे. तो पक्का झाला की माझंही माप चुकलं, हे मात्र काकांचं वाचल्यावर सांगता येईना.

मृणाल_इंदूर
काका, आज मुद्दाम विहिरीजवळच्या एकरात फिरले. कुंजरू आणि दुधी ही तणं जवळजवळ नाहीत. केना थोडा आहे. सावाचं मात्र विचित्र आहे. बऱ्याच ठिकाणी वाळून गेलेल्या काड्या दिसतात, आणि त्यांना अगदी खेटून हिरवा, लोंबी धरलेला सावा. तोही सगळीकडे नाही. तीन-चार ठिगळं आहेत खाटेएवढी, आणि एक लांब पट्टा, मागच्या वर्षी हार्वेस्टर गेला त्या दिशेने.

कोळपे
आता मला काळजी वाटते.

औषध खोटं असतं तर कुंजरूही राहिला असता. नोझलने पट्टा सोडला असता तर त्या पट्ट्यात सगळीच तणं उभी दिसली असती. उशीर झाला असता तर सगळा सावा सारखाच अर्धमेला दिसला असता. इथे एकाच दिवशी, एकाच उंचीची, एकमेकांना लागून उभी असलेली एकाच जातीची दोन रोपं, त्यातलं एक मेलं आणि एकाला काही झालं नाही. वर ठिगळं, म्हणजे एका झाडाचं बी आजूबाजूला पडत गेलं. आणि हार्वेस्टरच्या दिशेने पट्टा, म्हणजे बी मशीनने ओढत नेलं. केन्याचं यात धरू नका, तो जरा मोठा झाला की या औषधाला पहिल्यापासूनच दाद देत नाही.

देवासकर, आता तुमच्या सवयीबद्दल. एखाद्या रोपाला औषधाची सवय लागत नाही. ज्याच्यावर पडलं ते मेलं, सवय लागायला उरलं कुठे? होतं ते वेगळंच. इमॅझेथापायर रोपातल्या एका एन्झाइमला जाऊन चिकटतं, एएलएस म्हणतात त्याला. ते बंद पडलं की रोपाला तीन अमिनो आम्लं बनवता येत नाहीत आणि ते हळूहळू उपाशी मरतं. लाखो रोपांत एखादं जन्मतःच असं असतं की त्याच्या एन्झाइमची खाच किंचित वेगळी, औषध चिकटतच नाही. औषधाने त्याला तसं केलेलं नाही. औषधाने फक्त त्याचे शेजारी मारले आणि सगळं रान त्याला मोकळं करून दिलं.

आकड्यांत मांडतो. हे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, तुमच्या रानात मोजलेले नाहीत. पाच एकरांत २० लाख सावा उगवला आणि त्यात अशी रोपं दोन. एक सावा हजारो बिया टाकतो, पण मुंग्या, नांगर, कूज हे सगळं जाऊन पुढच्या वर्षी एकाची दहा झाली असं धरा. दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी २००, चौथ्या वर्षी २,०००. पाच एकरांत २,००० रोपं कुणाच्या नजरेत येतात? पाचव्या वर्षी २०,०००, म्हणजे शंभरात एक, आणि शेतकरी म्हणतो औषध ९९ टक्के लागू पडलं. सहाव्या वर्षी दहात एक, तेव्हा म्हणतो पावसाने धुतलं. सातव्या वर्षी सगळं रान त्यांचंच, आणि दुकानदाराशी भांडण.

लोंब्या कापा म्हणालो ते याचसाठी. ठिगळातल्या लोंब्या बी झडायच्या आत पोत्यात भरून बाहेर काढा, मुख्य म्हणजे हार्वेस्टर यायच्या आधी. थोड्या मात्र वेगळ्या ठेवा, त्यांचं काम आहे.

देवासकर
मग अर्ध्या डोसने काही बिघडत नाही म्हणायचं? जे जन्मतःच पक्कं आहे ते पुऱ्या डोसनेही जगलंच असतं.

कोळपे
प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर अर्धंच देता येतं. खाच बदललेली असेल तर पुऱ्या डोसनेही जगलं असतं, बहुधा दुप्पटनेही, म्हणून तुमचा दुप्पट डोसचा उपाय तिथे फुकट. पण दुसरी एक तऱ्हा आहे. रोप औषधाचे तुकडे करून पचवतं. ग्वाल्हेरकरांच्या मामाने आयसोप्रोट्युरॉनचं तेच केलं. गहू त्या औषधात मरत नाही कारण तो ते पचवतो, मामाने भाच्याचीच युक्ती उचलली. अशी पचनशक्ती कमी-जास्त असते. अर्ध्या डोसात थोडी बरी पचवणारी रोपं वाचतात, त्यांचा आपापसांत संकर होतो, आणि काही पिढ्यांत पुरा डोसही पचतो. मृणालच्या सावात यातलं कोणतं आहे ते शेतात उभं राहून कळत नाही.

लष्करवाला
सावात परागण स्वतःचं स्वतःशीच होतं ना बहुतेक? मग संकर होऊन शक्ती साठणं हळू चालेल.

कोळपे
होय, हरकत बरोबर आहे. सावाच्या बाबतीत माझा तो मुद्दा कमजोर पडतो.

मृणाल_इंदूर
लोंब्यांचं काय करायचं? आणि पुढच्या वर्षी दवाई बदलली तर? दुकानदार आत्ताच म्हणतोय, पेरणीनंतर लगेच डायक्लोसुलम मारा, किंवा इमॅझेथापायर-इमॅझामॉक्सची जोडी घ्या, "नई टेक्नॉलॉजी".

कोळपे
दोन्हीही त्याच एन्झाइमला चिकटतात! क्लोरिम्युरॉनही तेच. बाटली वेगळी, नाव वेगळं, पण कुलूप तेच. गव्हातले सल्फोसल्फ्युरॉन, मेटसल्फ्युरॉनही याच कुळातले, म्हणजे तुमच्या रानावर बहुधा दोन्ही हंगाम एकच घाव पडतोय. सावा रब्बीत नसतो म्हणून त्याची निवड खरिपातच होते, पण रब्बीतल्या तणांचा हाच हिशोब तिकडे चालू असणार.

लोंब्यांची परीक्षा घरी करता येते. ठिगळातलं बी एका कागदी पिशवीत. दुसऱ्या पिशवीत अशा जागेच्या सावाचं बी, जिथे कधी फवारा गेला नाही : बांध, गोठ्यामागची जागा. ताजं बी नीट उगवत नाही, झोपेत असतं. कोरड्या जागी ठेवा आणि मार्चमध्ये, ऊन तापल्यावर, ट्रेमध्ये पेरा. दोन-तीन पानं आली की प्रत्येक ट्रेत मोजून ३० रोपं ठेवा. दोन्ही बियांचे तीन-तीन ट्रे : एक कोरा, एक पुऱ्या डोसाचा, एक दुप्पट. पुरा डोस म्हणजे लिटरला २ मिली, इंजेक्शनच्या सिरिंजने मोजा. जमिनीवर एक मीटर बाय एक मीटर चौकोन आखा, ट्रे त्यात ठेवा आणि त्या चौकोनावर बरोबर ५० मिली पाणी सारखं पसरेल असं फवारा. एकरी २०० लिटरचा हिशोब तोच येतो. दुप्पटला औषध ४ मिली, पाणी तेवढंच. हातमोजे घाला. निकाल २१ दिवसांनी बघा, आधी नाही, हे औषध सावकाश मारतं.

बडोद्याची_सुमा
चाळून गाठी वेचल्या. एका कुंडीत ६४ निघाल्या!!

मृणाल_इंदूर (११ एप्रिल)
धागा वर आणते. परीक्षा झाली. घरच्यांनी बाल्कनीतून सावाचे ट्रे बघून "आता हे पण पेरायला लागलीस?" म्हणून घेतलं.

बांधावरचा सावा : कोऱ्या ट्रेत ३० पैकी ३० जिवंत, पुऱ्या डोसात १, दुप्पटमध्ये शून्य. ठिगळातला सावा : कोऱ्यात ३०, पुऱ्या डोसात १७, दुप्पटमध्ये १२. वाचलेल्यांतले बरेच नुसते जिवंत नाहीत, नवं पान काढतायत. उरलेल्या बियांचा आणखी एक ट्रे करून त्यावर क्विझॅलोफॉप मारलं, लेबलवरच्या मापाने. ठिगळातला सावा त्यात ३० पैकी ३० मेला.

कोळपे
व्यवस्थित काम केलंत. बांधावरचा मेला म्हणजे औषध खरं होतं आणि मापही बरोबर होतं. दुकानदार त्यापुरता सुटला. तेवढ्याच मापात ठिगळातला निम्म्याहून जास्त जगला, म्हणजे फरक सावात आहे. १३ मेले कारण त्या लोंब्यांत दोन्ही प्रकारचं बी मिसळलं असणार. एका बाल्कनीतल्या एका खेपेवर मी शिक्का मारणार नाही. थोडं बी जबलपूरच्या तण संशोधन निदेशालयाला किंवा इथल्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

यंदासाठी माझं मत : पेरणीनंतर तीन दिवसांच्या आत, ओल असताना, पेंडीमेथालिन. ते वेगळ्या ठिकाणी घाव घालतं आणि पहिला लोंढा उगवूच देत नाही, म्हणजे जुलैत वापसा नाही मिळाला तरी विसावा दिवस हातचा जात नाही. वापसा मिळाला तर डोरा. पंधरा ते वीस दिवसांत सावा दिसला तर क्विझॅलोफॉप, एकरी ४०० मिली पाच टक्क्यांचं, आणि पंप मोजून. त्याने रुंद पानांची तणं मरत नाहीत, ती डोऱ्यावर आणि हातावर. तयार जोडीचं औषध घ्यायचं झालं, प्रोपाक्विझाफॉप-इमॅझेथापायर वगैरे, तर त्यातलं एकच औषध तुमच्या सावावर चालणार हे लक्षात ठेवा. दिसायला दोन, सावासाठी एक. आणि क्विझॅलोफॉप लागू पडलं म्हणून तेच आठ वर्षं धरून बसू नका. क्लोडिनाफॉपही त्याच कुळातलं आहे, ग्वाल्हेरकर सांगतील.

लष्करवाला
काय सांगणार. माझ्या मामाचे ट्रे लावायचेत, पण त्याला थंडी लागते, आता नोव्हेंबरपर्यंत थांबणं आलं.

मृणाल_इंदूर
काका, डोऱ्यासाठी बैलजोडी कुठून आणू? गावात दोनच उरल्यात, आणि उघडीप पडली की सगळ्यांना एकाच दिवशी हव्या असतात.

कोळपे
याचं उत्तर माझ्याकडे नाही. छोट्या ट्रॅक्टरमागे डोरा लावणारे लोक आहेत, पण काळ्या ओल्या रानात चाक रुततं.

देवासकर
ताई, माझी जोडी आहे. सांवेर लांब पडतं, पण आधी कळवलंत तर बघतो. त्या बदल्यात माझा सावा तुमच्या बाल्कनीत लावून द्या. मी बांधावरचं बीही आणतो, वेगळ्या पिशवीत.